नात्यातल्या लग्नात कोणी आवडलं, आता मेसेज कसा करायचा: नंबर मागण्यापासून ‘भेटूया का’ पर्यंत

लग्नसराईत हे दरवर्षी बघायला मिळतं. हळदीत नाहीतर बूट लपवायच्या गोंधळात कोणाशी तरी मस्त गप्पा झालेल्या असतात, घरी आल्यावर ती व्यक्ती डोक्यातून जात नाही, आणि मग लग्नाच्या ग्रुपमधून नंबर उचलून रात्री साडेअकराला ‘हाय, ओळखलंस का’ असा मेसेज जातो. उत्तर येत नाही, किंवा येतं ते सरळ मावशीकडून येतं.

ऑफिसात किंवा क्लासला भेटलेल्या माणसाला मेसेज करणं आणि नातेवाईकाच्या लग्नात भेटलेल्याला करणं यात एक मोठा फरक आहे तो आधी नीट समजून घ्या. इथे समोरच्याला नाही म्हणायला फार जड जातं. तुम्ही आता तिच्या बहिणीच्या सासरचे असता, नाही म्हटलं तर कोणाला वाईट वाटेल, बहिणीला कोणी बोलेल का, पुढच्या कार्यक्रमात तोंड कसं दाखवायचं, हे सगळं तिच्या मनात येतं. म्हणून खालचे सगळे टप्पे, त्यांचा क्रमसुद्धा, एकाच गोष्टीसाठी आहेत: समोरच्याला हो म्हणणं जितकं सोपं तितकंच नाही म्हणणंही सोपं राहिलं पाहिजे, आणि दोन्ही उत्तरं तुमच्या दोघांतच राहिली पाहिजेत.

एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ म्हणजे गोंधळ होणार नाही. समजा तुमचं नाव ओंकार, मामेभावाचं लग्न, कोल्हापुरातलं कार्यालय, तुम्ही मुलाकडचे. ती सायली, नवरीची चुलत बहीण, करवली होती. माहेर सांगलीचं, नोकरी पुण्यात, तुम्हीही पुण्यातच. बूट पळवल्यावर मुलाकडून भाव करायला तुम्ही पुढे होतात आणि मुलीकडून सायली. तिने ५००१ मागितले, तुम्ही ११०० वर तोडलं, ती म्हणाली बाकीचे उधार राहिले. मग पंगतीत पुन्हा दहा-पंधरा मिनिटं बोललात. तुम्ही मुलगी असाल आणि आवडलेला मुलगा असेल, किंवा आणखी काही असेल, तर नावं बदलून वाचा, क्रम तोच.

## टप्पा १: मेसेजच्या आधी तीन गोष्टी तपासा

पहिली गोष्ट वय. हे लोक सगळ्यात जास्त विसरतात. नऊवारी, खोपा, नथ, मेकअप असं सगळं असलं की अकरावी-बारावीतली मुलगी सहज तेवीस-चोवीसची वाटते, आणि शेरवानी घातलेल्या मुलाचंही तेच. नोकरी करते म्हणाली, कुठलं कॉलेज कधी संपलं ते बोलण्यात आलं, तर प्रश्नच नाही. तसं काही कळलं नसेल तर आधी ते कळू द्या. १८ च्या खाली असेल तर विषय तिथेच संपला, पुढचं वाचायची गरज नाही.

दुसरी गोष्ट नातं. नवरीकडची आहे म्हणजे आपल्याला लागत नाही असं धरून चालू नका, कारण आपल्याकडे बरीच लग्नं ओळखीतल्याच घरांत जुळतात आणि नवरीची काकू तुमच्या आईची लांबची मावसबहीण निघू शकते. आते-मामे भावंडांचं लग्न काही घरांत चालतं, काही घरांत त्यांना सख्ख्या भावंडांसारखंच धरतात, आणि तुमच्या घरात काय आहे ते तुम्हालाच माहीत. शोधायची सोपी पद्धत म्हणजे लग्नानंतर चहाच्या वेळी आईला सहज विचारायचं, ‘नवरीकडचे आपल्याला आधीपासून कोणी लागतात का गं?’ लग्न नुकतंच झालेलं असतं, हा प्रश्न कोणालाही खटकत नाही आणि आई अर्धा तास सगळी वंशावळ सांगते. ‘सायली आपली कोण लागते’ असं मात्र विचारू नका, नाव घेतलंत की संपलं.

तिसरी गोष्ट, तिचं कुठे ठरलंय का किंवा कोणी आहे का. लग्नात करवलीला सगळेच ‘पुढचा नंबर तुझाच’ म्हणतात, त्यावरून काही कळत नाही, ते सगळ्यांनाच म्हणतात. इन्स्टा प्रोफाइल उघडी असेल तर एकदा बघा, साखरपुड्याचे फोटो असतील तर दिसतीलच. एकदाच बघा मात्र. तीन वर्षं मागचे फोटो चाळत बसलात आणि चुकून एखादा लाइक झाला तर तिला नोटिफिकेशन जातं, आणि त्या एका लाइकमुळे पुढचा कितीही चांगला मेसेज वाया जातो. प्रोफाइलवरून नाहीच कळलं तर हरकत नाही, ते पुढे बोलण्यात कळेल.

तपासा: वय नक्की, नातं नक्की, ठरल्याची खूण दिसली नाही. तिन्हींची उत्तरं मिळाल्यावरच पुढे जा.

## टप्पा २: नंबर कुठून आला, हे मेसेजपेक्षा महत्त्वाचं

सगळ्यात चांगला नंबर म्हणजे तिने स्वतः दिलेला. कार्यालयातच, निघायच्या आधी, चार लोक आजूबाजूला असताना मोकळेपणाने विचारायचं: ‘बूट परत करतानाचे फोटो माझ्याकडे आहेत, तुला पाठवू का? कशावर पाठवू, व्हॉट्सॲप की इन्स्टा?’ कशावर, हे तिला ठरवू द्यायचं. तिने इन्स्टा सांगितलं तर याचा अर्थ नंबर द्यायला अजून तयार नाही, आणि त्यात काही वाईट नाही, ते मान्य करायचं. ‘राहू दे, ताईकडून घेईन’ म्हणाली तर ते सौम्य शब्दांतलं ‘नाही’च आहे, तिथेच थांबा.

कार्यालयात विचारायचं राहून गेलं असेल तर कॅलेंडर बघा. बऱ्याच घरांत लग्नानंतर एक-दोन दिवसांत मुलाकडे सत्यनारायणाची पूजा असते आणि त्याला मुलीकडचे येतात. ती येणार असेल तर नंबर शोधायच्या मागे लागू नका, पूजेला समोरासमोर विचारा.

पूजाही झाली, भेट काही झाली नाही, मग दोन रस्ते उरतात.

इन्स्टावर फॉलो रिक्वेस्ट आणि सोबत एक मेसेज. ती तुम्हाला फॉलो करत नसेल तर तुमचा मेसेज तिच्या मेन इनबॉक्समध्ये न पडता रिक्वेस्टमध्ये जाऊन बसतो, आणि तिने तो स्वीकारेपर्यंत तिने वाचला की नाही ते तुम्हाला दिसत नाही. काही लोक रिक्वेस्टचा फोल्डर महिनोन्महिने उघडत नाहीत. म्हणजे इथे उत्तर न येण्याचा अर्थ नेहमी ‘नको’ असा नसतो, पण म्हणून दुसऱ्या ठिकाणाहून, फेसबुकवरून, लिंक्डइनवरून तिला गाठायचं असंही नाही.

दुसरा रस्ता म्हणजे मधलं एक माणूस. इथे नीट निवडा. मधला माणूस तुमच्याच वयाचा पाहिजे, दोघांना ओळखणारा पाहिजे आणि पोटात गोष्ट ठेवणारा पाहिजे. आणि त्याच्याकडून नंबर मागायचा नाही, त्याला विचारायला सांगायचं: ‘सायलीला विचारशील का, ओंकारला तुझा नंबर दिला तर चालेल का? नको म्हणाली तर मला तेवढंच सांग, कारण विचारू नकोस.’ असं केलं की तिला तुमच्या तोंडावर नाही म्हणावं लागत नाही.

नवी वहिनी मधला माणूस म्हणून बहुतेकांच्या डोक्यात पहिली येते, कारण ती तिची बहीण. पहिला महिनाभर तरी तिला यात ओढू नका. ती नव्या घरात आलीये, कुलदैवताला जाऊन यायचंय, सासरची माणसं ओळखायची आहेत, आणि तेवढ्यात सासरचाच एकजण तिच्या बहिणीचा नंबर मागतोय. ती नाही म्हणू शकत नाही आणि हो म्हटलं तर तिकडे काकूला काय सांगायचं हा घोर तिलाच लागतो.

सावध: आई, मावशी, आत्या, मामी यांच्यापैकी कोणालाही या टप्प्यावर सांगू नका. त्यांचं वाईट मन असतं म्हणून नाही, उलट त्यांना इतका आनंद होतो की दुसऱ्या दिवशी तिकडे फोन जातो, ‘तुमची सायली आमच्या ओंकारला आवडली हो.’ त्या क्षणी हे स्थळ झालं. आता बायोडेटा मागितला जाईल, पत्रिका बघितली जाईल, आणि सायलीला तुमच्याशी दहा मिनिटं गप्पा मारल्याबद्दल घरात उत्तरं द्यावी लागतील. तिला तुम्ही आवडला असता तरी या प्रकाराने ती मागे सरते. ठरवून स्थळ म्हणूनच जायचं असेल तर तो वेगळा, रीतसर रस्ता आहे आणि तो चांगलाच आहे, पण दोन्ही एकदम चालवू नका.

लग्नाच्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल वेगळं लिहितो, कारण सगळ्यात जास्त गाड्या इथेच घसरतात. ‘हळद डान्स’, ‘बस नंबर २’ असल्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर दिसतात हे खरं, पण तिने तो नंबर बसची वेळ कळावी म्हणून दिला होता, तुम्हाला नाही. तिथून उचलून मेसेज केला की तिच्या फोनवर अनोळखी नंबर आणि खाली ब्लॉक करायचा पर्याय एवढंच दिसतं, आणि मनात पहिला प्रश्न ‘याला नंबर कोणी दिला’ हाच येतो. ग्रुपचा उपयोग करायचाच असेल तर ग्रुपमध्येच करा. तिथे फोटो टाका, बुटांच्या सौद्याचा व्हिडिओ टाका, तिने काही लिहिलं तर तिथेच उत्तर द्या. चार-पाच वेळा असं बोलणं झालं की ‘बाकीचे फोटो वेगळे पाठवू का’ हे ग्रुपमध्येच विचारता येतं.

## टप्पा ३: कधी पाठवायचा

नंबर तिने स्वतः दिला असेल तर त्याच दिवशी फक्त ओळखीची एक ओळ पाठवा, ‘ओंकार, मुलाकडचा. नंबर सेव्ह कर, फोटो पाठवतो एक-दोन दिवसांत.’ बास. त्या रात्री गप्पा सुरू करू नका. मुलीकडच्या माणसांची ती रात्र कशी असते ते लक्षात घ्या, पाठवणीला रडून झालेलं असतं, कार्यालय रिकामं करायचं असतं, भांडी-गाद्या-अहेर मोजायचे असतात, आणि करवली तर पहाटेपासून उभी असते.

खरा मेसेज लग्नानंतर दोन ते चार दिवसांनी. पूजा असेल तर पूजेनंतर दोन दिवसांनी. त्यापेक्षा फार लांबवलंत, महिना झाला, तर आठवण पुसट होते आणि आता अचानक का, असं वाटतं. वेळ संध्याकाळी सात ते नऊच्या मधली ठीक, नोकरी करणारी असेल तर शनिवार-रविवारी सकाळी अकरा-बारालाही चालतं. रात्री दहानंतर पहिला मेसेज नको. मजकूर कितीही साधा असला तरी रात्रीच्या वेळेमुळे त्याचा सूर बदलतो.

## टप्पा ४: पहिला मेसेज

पहिल्या मेसेजमध्ये चार गोष्टी हव्यात. तुम्ही कोण ते नाव आणि बाजू सांगून, तुमच्या दोघांत घडलेली एक नेमकी गोष्ट, मेसेज करायचं कारण, आणि शेवटी सहज उत्तर देता येईल असा एक प्रश्न. लग्नात माणूस शंभर लोकांना भेटतो. ‘ओळखलंस का’ हा प्रश्न म्हणजे तिची परीक्षा घेणं आहे, ते कधीच करू नका.

असा मेसेज जातो आणि पडून राहतो:

> हाय सायली, कशी आहेस? ओळखलंस का मला? लग्नात खूप सुंदर दिसत होतीस, तुझ्यावरून नजरच हटत नव्हती

यात तिने काय उत्तर द्यायचं? थँक्यू म्हटलं तर पुढे सरकल्यासारखं होतं, काही नाही म्हटलं तर उद्धट ठरते. ती काय बोलली, काय म्हणाली यातलं काहीच नाही, फक्त दिसण्याबद्दल आहे. आणि नजर हटत नव्हती हे वाचून छान वाटत नाही, मागे वळून बघावंसं वाटतं.

असा पाठवा:

> हाय सायली, मी ओंकार, सौरभचा आतेभाऊ, बुटांचा सौदा केला तो. तुझ्या हिशोबाने अजून ३९०१ बाकी आहेत, ते विसरलेलो नाही. तेव्हाचे फोटो पाठवतोय, शेवटच्यात तुझा चेहरा बघण्यासारखा आहे. तू म्हणत होतीस पुण्याला लगेच निघावं लागणार, पोचलीस का नीट?

नाव आलं, नातं आलं (सौरभ म्हणजे आपल्या उदाहरणातला नवरदेव), दोघांतली गोष्ट आली, फोटोचं कारण आलं, आणि प्रश्न एका शब्दात उत्तर देता येईल असा आहे. तिला बोलायचं असेल तर उधारीवर बोलेल, नसेल तर ‘हो पोचले, थँक्स’ लिहून सोडून देईल, आणि दोन्हीत कोणाचं काही बिघडत नाही.

तू की तुम्ही, हा प्रश्न खूपजण विचारतात. कार्यालयात जे बोललात तेच ठेवा. तिथे अहो-जाहो होतं आणि मेसेजमध्ये एकदम ‘तू’ आलं तर खटकतं, आणि तिथे ‘तू’ होतं आणि आता ‘तुम्ही’ आलं तर एकदम परकं वाटतं. अहो-जाहो असेल तर दोन-तीन दिवस गप्पा झाल्यावर ‘तू म्हटलं तर चालेल का’ असं विचारून घ्या. ‘ताई’ किंवा ‘दादा’ मात्र चुकूनही लावू नका. पहिल्या मेसेजमध्ये घाबरून लावलेलं ‘ताई’ नंतर काढता येत नाही.

फोटोंचं नीट बघा. जे फोटो तिला माहीत असताना काढलेत, चार लोक बरोबर आहेत, ती चांगली दिसतेय, तेच दोन-तीन पाठवा. तिला न कळता लांबून झूम करून काढलेला एकटीचा फोटो असेल तर तो पाठवू नका, आणि खरं तर ठेवूही नका, डिलीट करा. असा एक फोटो आला की तिला कळतं की आपल्यावर कोणाचं तरी लक्ष होतं, आणि पुढचं सगळं अवघड होऊन बसतं. फोटो पाठवताना एचडी निवडा, नाहीतर व्हॉट्सॲप ते बारीक करून पाठवतं आणि फोटोचं कारणच वाया जातं.

पाठवायच्या आधी एकदा मोठ्याने वाचून बघा. घाईत चुकीचं गेलं तर व्हॉट्सॲपवर १५ मिनिटांच्या आत मेसेज एडिट करता येतो. डिलीट शक्यतो करू नका, कारण मेसेज डिलीट केल्याची ओळ तिथे दिसत राहते आणि पहिल्याच मेसेजच्या जागी ती ओळ असली की समोरचा शंभर अंदाज बांधतो.

तपासा: मेसेज चार-पाच ओळींत बसतो का? यात असं काही आहे का, जे तिच्या आईने वाचलं तर तिला लाज वाटेल? असेल तर ते काढा.

## टप्पा ५: उत्तर कसं वाचायचं

ब्लू टिक आली, उत्तर नाही. आधी हे धरून चाला की लग्नाच्या आठवड्यात सुट्टी घेतलेल्या माणसाचं ऑफिसचं काम साचलेलं असतं. आठवडाभर काहीही करू नका. प्रश्नचिन्ह नाही, ‘बिझी का’ नाही, तिच्या स्टेटसला दर तासाला जाऊन बघणं नाही (स्टेटस कोणी बघितलं ते तिला दिसतं). आठवड्याने एकच मेसेज, नवीन कारण असेल तरच, जसं लग्नाचा व्हिडिओ आला, अल्बमची लिंक आली. त्यालाही उत्तर नाही तर थांबा. तिसरा मेसेज नाही. इन्स्टा रिक्वेस्टमध्ये पडून असलेल्या मेसेजला तर दुसराही नको.

उत्तर आलं पण ‘हो’, ‘थँक्स’, ‘छान आलेत फोटो’ एवढंच, आणि परत एक प्रश्नही नाही. ही नात्यातली सभ्यता आहे. बहिणीच्या सासरचे आहात म्हणून तुम्हाला उत्तर मिळालं, आणि हेच लोक सगळ्यात जास्त चुकीचं वाचतात. उत्तर येतंय म्हणजे आवडतंय असं नाही. तुम्ही विचारायचं थांबवलं तर बोलणं पुढे जातं का, ते बघा. एकदा प्रश्न न विचारता साधा मेसेज करून सोडा, ‘मस्त, वहिनीलाही पाठवतो हे.’ त्यानंतर दोन-तीन दिवसांत तिच्याकडून काहीच आलं नाही तर कळलं.

आणि तिसरं, तिने उधारीचा विषय उचलला, ‘व्याज लागतंय त्याच्यावर’ असं काहीतरी लिहिलं, तुम्ही पुण्यात कुठे राहता ते विचारलं. तर आता पुढचा टप्पा.

## टप्पा ६: पुढचे आठ-दहा दिवस

इथे घाई आणि ढिलाई दोन्ही होते. रोज सकाळी गुड मॉर्निंगचं चित्र आणि रात्री ‘जेवलीस का’ ही सवय लावू नका, त्यातून बोलणं होत नाही, हजेरी होते. एक दिवसाआड बोललात तरी पुरे, पण बोलाल ते तिने सांगितलेल्या गोष्टी धरून. तिने हिंजवडीच्या ट्रॅफिकबद्दल चिडून सांगितलं होतं, ऑफिस बदलायचं म्हणत होती, सांगलीची भडंग पुण्यात मिळते तशी नसते म्हणत होती, असलं काहीतरी आठवून विचारलं तर तिला कळतं की तुम्ही खरंच ऐकत होता.

सावध: लग्नाबद्दल वाईट एक शब्दही लिहू नका. जेवणात मीठ जास्त होतं, मानपानावरून कोण रुसलं, अहेर काय आला, नवरीचे काका कसे वागले, हे कार्यालयात सगळेच बोलतात पण मेसेजमध्ये लिहिलेलं राहतं. ते कार्य तिच्या घरचं होतं. गमतीत लिहिलेलं वाक्य स्क्रीनशॉट होऊन बहिणीकडे गेलं तर तुमच्या मामीला आणि नव्या वहिनीला त्याचा त्रास होतो, आणि तुमचा संबंध फक्त सायलीपुरता राहत नाही.

याच दिवसांत तिचं कोणी आहे का, घरी स्थळं बघतायत का, हे बोलण्यात बहुतेक येतंच. नाहीच आलं तर पुढच्या टप्प्यातला मेसेज तेही काम करतो.

## टप्पा ७: भेटायचं विचारणं

दोन आठवड्यांच्या आत विचारा. त्यापेक्षा लांबलं की तुम्ही नुसते बोलायला बरे असलेले नातेवाईक होऊन जाता, आणि महिन्याभराने एकदम मनातलं सांगितलं की तिला फसवल्यासारखं वाटतं, की इतके दिवस मी साध्या गप्पा समजत होते. मेसेजमध्ये हेतू स्पष्ट पाहिजे, जागा आणि वेळ नेमकी पाहिजे, आणि नाही म्हणायची वाट तुम्हीच करून द्यायची:

> सायली, तुझ्याशी बोलायला आवडतं, आणि नातेवाईक म्हणून नाही, तसंच आवडतं म्हणून विचारतोय. शनिवारी संध्याकाळी पाचला डेक्कनला कॉफी घेऊया का? तुझं कुठे काही असेल किंवा नको वाटत असेल तर तसं सांग, मला वाईट वाटणार नाही आणि हे घरी कोणालाच माहीत नाही, माहीत होणारही नाही.

शेवटचं वाक्य गाळू नका. नात्यातल्या माणसाला तेच सगळ्यात आधी हवं असतं. आणि ते खरं असलं पाहिजे, म्हणजे तुम्ही आधीच भावाला सांगून बसला असाल तर असं लिहू नका.

जागा माणसांची वर्दळ असलेली, दिवसाउजेडीची, तिला येणं-जाणं सोपं पडेल अशी. तासाभरापुरतं भेटणं. ती वेगळ्या गावात असेल तर ‘मी येतो तिकडे’ म्हणून पहिल्याच वेळी गाडी काढू नका, आधी ठरवून एक फोन कॉल, मग ती इकडे येणार असेल तेव्हा.

एका प्रश्नाची तयारी ठेवा, कारण तो हमखास येतो: ‘हे लग्नाच्या दृष्टीने विचारतोयस का?’ नात्यातल्या ओळखीत तिला हे विचारणं भाग आहे, ती पुढे सरकतेय असं समजू नका. जे खरं असेल ते सांगा. लग्नाचा विचार आत्ता नाही, तर तसं म्हणा. आहे, पण आधी एकमेकांना ओळखायचंय, तर तसं म्हणा. तिच्या घरी स्थळं बघायला सुरुवात झाली असेल आणि तुम्हाला दोन-तीन वर्षं लग्न करायचं नसेल, तर ते आत्ताच बोलून टाकणं तिच्यासाठी बरं.

## टप्पा ८: नाही आलं तर, हो आलं तर

नाही म्हणाली, किंवा ‘सध्या खूप काम आहे, बघू’ म्हणाली आणि दुसरा दिवस सुचवला नाही, दोन्हीचं उत्तर एकच:

> ओके, सांगितलंस ते बरं केलंस. काही अवघडून घेऊ नकोस, कार्यक्रमात भेटलो की नेहमीसारखं बोलू.

त्यानंतर स्वतःहून मेसेज बंद. कारण विचारायचं नाही, मित्राकडून चौकशी नाही, दुसऱ्या नंबरवरून तर नाहीच. स्पष्ट नको म्हटल्यावर किंवा ब्लॉक केल्यावरही एखाद्या मुलीला पुन्हा पुन्हा गाठायचा प्रयत्न करणं, तिच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. नातेवाईक आहोत म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

पुढे डोहाळजेवण असेल, बारसं असेल, दिवाळसण असेल, गाठ पडणारच. तेव्हा तिला टाळून दुसऱ्या खोलीत जाऊ नका आणि मुद्दाम शेजारीही जाऊन बसू नका. सगळ्यांसमोर ‘काय सायली, कसं चाललंय’ एवढं विचारा आणि आपल्या कामाला लागा. पहिल्या मिनिटाला तिचा चेहरा मोकळा झालेला दिसेल.

हो म्हणाली तर घरी कधी सांगायचं हे दोघांनी मिळून ठरवायचं, आणि कोणाच्या घरी आधी, तेही. साधारण चार-पाच भेटी झाल्यावर, पुढे जायचंय असं दोघांनाही वाटलं की, सगळ्यात आधी नव्या जोडीला सांगा, म्हणजे सौरभला आणि वहिनीला, दोघांना एकाच दिवशी. ओंकारने सौरभला आणि सायलीने बहिणीला. एकालाच आधी कळलं तर त्या दोघांत विनाकारण ‘तुला माहीत होतं तर मला का नाही सांगितलंस’ सुरू होतं. मोठ्यांना सांगायचं काम नंतर त्यांच्याकडूनच नीट होतं, कारण दोन्ही घरांत आता त्यांचं येणंजाणं आहे आणि कोणत्या वेळी कोणाशी बोलावं ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

मधेच कोणाला कळलं, डेक्कनला एखाद्या काकांनी बघितलं आणि तुमच्या आईचा फोन आला, तर खोटं बोलू नका. ‘भेटलो होतो, ओळख वाढतेय, अजून काही ठरलेलं नाही, ठरलं की तुलाच पहिलं सांगेन, तोपर्यंत तिकडे फोन करू नकोस’ एवढं सांगा, आणि लगेच सायलीला मेसेज करून कळवा की आईला कळलंय. तिच्या घरी बातमी पोचायच्या आत तिला तुमच्याकडून समजलं पाहिजे.